एक चेहरा, दोन शैली, एक पोस्टर: काही महिन्यांच्या वापरानंतर

गेले काही महिने मी पोस्टरसाठी एकच मांडणी वापरते आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेने चित्रं काढायच्या कम्फीयूआय या प्रोग्रॅममध्ये एसडीएक्सएल हे चित्र काढणारं मॉडेल, चेहऱ्यासाठी इन्स्टंटआयडी आणि शैलीसाठी आयपी-अडॅप्टरचे दोन नोड. एका माणसाचा फोटो आणि दोन वेगळ्या चित्रांची शैली यांतून एक पोस्टर तयार करायचं, आणि ते पाहणाऱ्याला माणूस चटकन ओळखू यायला हवा, एवढीच मागणी. हे जमतं, आणि चांगलं जमतं. मात्र तिन्ही संदर्भांचे आकडे कमीजास्त करत बसून ते जमत नाही. प्रत्येक संदर्भाचं काम, त्याची जागा आणि त्याची वेळ आधी ठरवून द्यावी लागते.

उदाहरण म्हणून एकच पोस्टर घेते. एका वयस्क व्हायोलिनवादकांच्या कार्यक्रमासाठी, त्यांच्या परवानगीने केलेलं. लांबट चेहरा, डावी भुवई उजवीपेक्षा किंचित वर, जड पापण्या, नाकाचं हाड मधेच उंचावलेलं, जाड काळ्या फ्रेमचा चष्मा. पहिली शैली लाकडी ठशाच्या छपाईची: काळा आणि विटकरी असे दोनच रंग, ठसठशीत कापीव रेषा. दुसरी जलरंगाची: करड्या-निळ्या रंगाचे ओघळ आणि भरपूर मोकळा कागद.

हे तीन संदर्भ मॉडेलपर्यंत कसे पोचतात ते कळलं की निम्मं काम होतं. इन्स्टंटआयडी फोटोतला चेहरा शोधून, सरळ करून त्याची ५१२ आकड्यांची ओळख काढतं. ही ओळख चेहरा पडताळणाऱ्या मॉडेलची आहे. तोच माणूस चष्म्यासह किंवा चष्म्याशिवाय, तरुण किंवा म्हातारा, कसाही असला तरी ओळखता यावा म्हणून ते शिकवलेलं असतं. त्यामुळे चष्मा, केस आणि वय यांची तिला फारशी पर्वा नसते. वादकांचं पहिलं चित्र म्हणूनच पंधरा-वीस वर्षांनी तरुण आलं. चेहऱ्याची ठेवण बरोबर, पण वय गेलेलं. यावर उपाय साधा आहे: चष्म्याची फ्रेम, मागे वळवलेले पांढरे केस, पापण्यांचा जडपणा, गालांवरच्या खोल रेषा हे सगळं प्रॉम्प्टमध्ये शब्दांत लिहायचं. जे आकड्यांत नाही ते शब्दांनीच द्यावं लागतं.

इन्स्टंटआयडीचा दुसरा भाग चेहऱ्यावरचे पाच बिंदू धरून ठेवतो: दोन डोळे, नाक, ओठांचे दोन कोपरे. हनुवटी, जबडा आणि कपाळ या पाचांत येत नाहीत. शैलीचा जोर वाढला की सगळ्यात आधी जबडा रुंद होतो, तो यामुळेच.

शैलीची चित्रं वेगळ्या वाटेने जातात. आयपी-अडॅप्टर ती क्लिप नावाच्या एन्कोडरमधून वाचतो आणि त्यासाठी चित्र २२४ × २२४ पिक्सेलच्या चौकोनात बसवतो. उभं पोस्टर दिलं तर वरचा आणि खालचा भाग कापला जातो. म्हणून शैलीचा चौकोनी तुकडा मी स्वतःच कापून देते आणि त्यात कोणाचाही चेहरा येणार नाही याची काळजी घेते. माझ्या अनुभवात ओळख जाण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे. शैलीच्या चित्रात चेहरा असेल तर त्याचे डोळे आणि नाक काढण्याची पद्धत पाझरत येते, आणि पोस्टरवर दोघांच्या मधला कोणी तिसराच माणूस बसतो. ठशाच्या चित्रात एक मनुष्याकृती होती. तिच्या अंगरख्याच्या चुण्या आणि मागचं झाड एवढाच तुकडा घेतला, आणि बाकी काहीही न बदलता चेहरा वादकांकडे सरकला.

आता दोन शैलींबद्दल. एकाच नोडला दोन्ही चित्रं देऊन `combine_embeds` मध्ये `average` निवडणं सोपं दिसतं. पण कापीव रेषा आणि ओघळता रंग यांची सरासरी काढली की दोन्ही मरतात. हाती येतं ते गुळगुळीत, करडं, कुठेही चालेल असं चित्र. माझ्या मते दोन शैली मिसळायच्या नसतात, त्यांना वेगवेगळ्या जागा द्यायच्या असतात. म्हणून दोन वेगळे नोड घेतले. ठशाची शैली माणसासाठी आणि व्हायोलिनसाठी, जलरंग फक्त पार्श्वभूमीसाठी. दोन्ही नोडवर `weight_type` ला `style transfer` ठेवलं. त्यामुळे संदर्भाचा परिणाम मॉडेलच्या मुख्यतः शैली ठरवणाऱ्या थरांपुरता राहतो आणि आकार-मांडणीत त्याची ढवळाढवळ कमी होते.

जागा `attn_mask` ने ठरते. मुखवट्यात पांढरं म्हणजे पूर्ण परिणाम, काळं म्हणजे काहीच नाही, आणि करडं म्हणजे त्या प्रमाणात. जलरंगाच्या मुखवट्यात माणूस पूर्ण काळा ठेवला. ठशाच्या मुखवट्यात शरीर पांढरं, पण भुवयांपासून हनुवटीपर्यंतचा भाग मधल्या करड्या छटेचा. या एका करड्या डागाने जेवढा फरक पडला तेवढा कुठल्याही आकड्याने पडला नाही. मुखवट्याच्या कडा चांगल्याच धूसर हव्यात. मॉडेल आतून फार लहान जाळीवर काम करतं, त्यामुळे बारीक कोरलेली कड तिथे टिकत नाही आणि कानाजवळ शिवण दिसते.

वेळ `start_at` आणि `end_at` ने ठरते. मॉडेल चित्र एकेका पायरीने घडवतं: सुरुवातीच्या पायऱ्यांत मोठे आकार ठरतात, नंतरच्या पायऱ्यांत रेषा आणि पोत. ठशाची शैली शून्यापासून सुरू केली तर डोळे पहिल्याच पायऱ्यांत दोन साध्या चिरा होऊन बसतात आणि मग जड पापण्या परत येत नाहीत. `start_at` 0.2 ते 0.3 ठेवलं की आधी चेहरा बसतो, मग त्यावर ठशाची रेषा चढते. या पोस्टरसाठी ठशाचा `weight` 0.8 आणि जलरंगाचा 0.6 होता. इन्स्टंटआयडीचे `ip_weight` आणि `cn_strength` दोन्ही 0.8 च्या आसपास, आणि मॉडेलने प्रॉम्प्ट किती काटेकोर पाळायचा ते ठरवणारं `cfg` 4.5. चेहऱ्याचा जोर याहून वाढवला की ओळख वाढत नाही. त्वचा जळल्यासारखी दिसते आणि ठशाच्या चित्रावर फोटो चिकटवल्याचा भास होतो. दुसऱ्या चित्रासाठी हे आकडे हलतील, पण चेहरा आधी आणि शैली नंतर हा क्रम मला अजून मोडावा लागलेला नाही.

चेहरा बिघडला तर कोणामुळे, हे शोधायला `seed`, म्हणजे चित्राची सुरुवात ठरवणारा आकडा, कायम ठेवून एकेक संदर्भ बंद करून पाहते. ठसा बंद केल्यावर जबडा जागेवर आला तर दोष ठशाचा. दोन्ही शैली बंद करूनही माणूस परका वाटत असेल तर दोष फोटोचा. त्या वेळी फोटो बदलायचा, आकड्यांशी झटायचं नाही. हातभर अंतरावरून मोबाइलच्या रुंद लेन्सने काढलेल्या फोटोत नाक मोठं आणि कान मागे गेलेले दिसतात, आणि ते प्रमाण पोस्टरमध्ये तसंच उतरतं. जरा लांबून काढलेला, दोन्ही डोळे स्पष्ट दिसणारा, मऊ उजेडातला फोटो सगळ्यात उपयोगी.

आता चेहऱ्याच्या आकाराबद्दल, कारण इथे बरेच जण अडतात. पोस्टर 832 × 1216 वर काढलं आणि त्यात वादक व्हायोलिनसह कमरेपर्यंत दिसतात, म्हणजे चेहरा साधारण १६० पिक्सेल रुंद. मॉडेलची आतली जाळी आठपट लहान असते, तेव्हा त्याच्या हिशेबी हा चेहरा वीस चौकटींचा. एका भुवईचा किंचित चढ वीस चौकटींत कसा मावणार? म्हणून दुसरी फेरी लागते: चेहरा आजूबाजूच्या जागेसह कापायचा, मोठा करायचा, किती बदल होऊ द्यायचा ते ठरवणारं `denoise` 0.35 ते 0.45 ठेवून पुन्हा काढायचा आणि धूसर कडेने परत बसवायचा. या फेरीत इन्स्टंटआयडी तसंच ठेवते, ठशाचा जोर निम्म्यावर आणते आणि जलरंग पूर्ण बंद करते.

यात एक खोच आहे. चेहरा सहापट मोठा करून काढला आणि परत लहान केला की त्यावरच्या रेषाही सहापट बारीक होतात. मग अंगरख्यावर जाड कापीव रेषा आणि चेहऱ्यावर केसासारख्या रेघा, असं विजोड चित्र होतं. पाहणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण चेहरा उपरा वाटतो. म्हणून आधी पूर्ण चित्र दीडपट मोठं करते आणि मग चेहऱ्याचा तुकडा दुपटीहून जास्त वाढवत नाही. तपशील थोडा कमी मिळतो, पण रेषेची जाडी सांभाळली जाते. ठशाच्या शैलीत ती महत्त्वाची.

रंगांचं शेवटचं काम मी क्रिता या चित्रकलेच्या प्रोग्रॅममध्ये हाताने करते. एसडीएक्सएल चेहऱ्यावर त्वचेचा रंग आणल्याशिवाय राहत नाही आणि इथे तर दोनच रंग हवे होते. छटा कमी करताना डोळ्यांच्या आतल्या कोपऱ्यातली आणि नाकाच्या हाडाखालची सावली शिल्लक राहिली पाहिजे. या दोन सावल्या गेल्या की वादकही गेले. अक्षरंही तिथेच, वेगळ्या थरावर. हे मॉडेल देवनागरी नीट लिहीत नाही.

सारखेपणा मोजायला चेहऱ्यांच्या आकड्यांची तुलना करणारी साधनं आहेत. मी त्यांच्यावर निकाल सोडत नाही. ती फोटोंवर शिकलेली असल्याने रेषांच्या चित्राला कमी गुण देतात, माणूस सहज ओळखू येत असला तरी. शिवाय इन्स्टंटआयडी ज्या घराण्याच्या ओळखीवर चेहरा काढतं, त्याच घराण्याचं मॉडेल गुण द्यायला बसलं तर उत्तरपत्रिका लिहिणाराच ती तपासतो. एकाच शैलीतल्या दोन चित्रांत डावं-उजवं करायला ती ठीक आहेत. माझी खरी तपासणी अशी: चित्र टपाल तिकिटाएवढं करून कृष्णधवल पाहायचं, मग त्याच माणसाच्या दुसऱ्या, संदर्भ म्हणून न दिलेल्या फोटोशेजारी ठेवायचं, आणि शेवटी त्यांना ओळखणाऱ्याला नाव न सांगता दाखवायचं. वादकांच्या शिष्येने ओळखलं ते भुवईवरून.

काही ठिकाणी ही मांडणी कमी पडते. पूर्ण बाजूने दिसणाऱ्या चेहऱ्यावर ते पाच बिंदू नीट सापडत नाहीत. दोन माणसं असली की प्रत्येकासाठी वेगळा मुखवटा आणि वेगळी फेरी लागते. तीन चित्रं आणि एक वाक्य घेऊन थेट पोस्टर देणारी नवी मॉडेल्स मी वापरून पाहिली आहेत. ती झटपट आहेत, पण ठशाची शैली अंगरख्यावर पूर्ण आणि चेहऱ्यावर अर्धी, असं त्यांना नेमकं बजावता येत नाही. आणि एक व्यवहाराची गोष्ट: इन्स्टंटआयडी चेहऱ्याची ओळख काढायला इनसाइटफेसची मॉडेल्स वापरतं, आणि ती अव्यावसायिक संशोधनासाठी दिलेली आहेत. पैसे घेऊन पोस्टर करणाऱ्याने तो परवाना आधी वाचावा, मगच काम स्वीकारावं.