लवचिकतेचा प्रश्न आला की पर्याय कशाने कापायचे: शेकडेवारीने की एकूण प्राप्तीने?

मार्केटिंगच्या क्विझमध्ये मागणीच्या किंमत लवचिकतेवर, म्हणजे किंमत बदलली की मागणी किती बदलते यावर, चार-पाच प्रश्न हमखास असतात, आणि प्रत्येक बॅचमध्ये मला एकच प्रश्न विचारला जातो: "सर, आधी सूत्र लावायचं की आधी पर्याय बघायचे?" मी बीबीएच्या मुलांना हा विषय शिकवतो आणि त्यांच्यासाठी असे प्रश्न स्वतः काढतोही. माझं उत्तर असं की शेकडेवारी आणि एकूण प्राप्ती या दोन्ही पद्धती वेगवेगळे पर्याय कापतात, म्हणून कोणती कुठे चालते आणि कुठे फसवते, हे आधी ठाऊक हवं.

एक प्रश्न घेऊ. चिवड्याच्या पाकिटाची किंमत ४० रुपयांवरून ५० रुपये केली. महिन्याची विक्री १,००० पाकिटांवरून ८५० वर आली. खालीलपैकी काय बरोबर? (अ) मागणी लवचिक आहे, एकूण प्राप्ती घटली. (ब) मागणी अलवचिक आहे, एकूण प्राप्ती वाढली. (क) मागणी लवचिक आहे, एकूण प्राप्ती वाढली. (ड) मागणी अलवचिक आहे, एकूण प्राप्ती घटली.

शेकडेवारी पद्धतीने जाणारा विद्यार्थी आधी किमतीतला बदल काढतो: ४० वर १० म्हणजे २५ टक्के. मग मागणीतला: १,००० वर १५० म्हणजे १५ टक्के. पंधराला पंचवीसने भागलं की ०.६. एकापेक्षा कमी, म्हणजे मागणी अलवचिक. अ आणि क गेले. उरलेल्या ब आणि ड मधून निवडायला त्याला आणखी एक पायरी चढावी लागते: अलवचिक मागणीत किंमत वाढली तर प्राप्ती वाढते की घटते? परीक्षेच्या धांदलीत नेमकी हीच पायरी उलटी पडते.

एकूण प्राप्तीने जाणारा फक्त दोन गुणाकार करतो. एका मुलीचा कच्चा कागद माझ्या डोळ्यांसमोर आहे. समासात वर ४० × १००० = ४०,०००, खाली ५० × ८५० = ४२,५००, दोन्हींच्या मध्ये वर जाणारा बाण, आणि शेजारी अ व ड वर काट. प्राप्ती वाढली, म्हणून "घटली" म्हणणारे दोन्ही गेले. राहिले ब आणि क. किंमत आणि प्राप्ती एकाच दिशेने गेल्या म्हणजे मागणी अलवचिक, म्हणून क सुद्धा गेला. अर्थशास्त्रज्ञ मार्शल यांच्या नावाने शिकवली जाणारी एकूण खर्च पद्धत ती हीच. ग्राहकाचा खर्च म्हणजेच विक्रेत्याची प्राप्ती.

खरं तर या प्रश्नात आकड्यांना हात न लावताही दोन पर्याय जातात. किंमत वाढली असताना "लवचिक आणि प्राप्ती वाढली" हे जोडवाक्य स्वतःशीच भांडतं, "अलवचिक आणि प्राप्ती घटली" हेही तसंच. जोडवाक्यांचे पर्याय दिसले की दोन्ही अर्धे एकमेकांशी जुळतात का, हे मी सगळ्यात आधी बघायला सांगतो. त्याला दहा सेकंद लागतात. मग अ आणि ब उरतात, आणि त्यांच्यातला निवाडा एका बाणावर होतो: प्राप्ती वर गेली की खाली?

म्हणून पर्यायांत पैशाचा उल्लेख असेल, म्हणजे प्राप्ती, विक्रीची रक्कम, ग्राहकाचा खर्च असे शब्द असतील, तर मी सरळ एकूण प्राप्तीच्या बाजूने आहे. ती जलद आहे म्हणून तर आहेच, पण त्याहून मोठं कारण असं की मूळ आकड्यांवर काढलेली शेकडेवारी काही वेळा चुकीच्या बाजूला नेते. हे फार कमी ठिकाणी नीट समजावलं जातं, म्हणून इथे जरा थांबतो.

समजा किंमत १०० वरून १२० झाली आणि मागणी ५०० वरून ४१० वर आली. किंमत २० टक्के वाढली, मागणी १८ टक्के घटली. भागाकार ०.९. सूत्र म्हणतं अलवचिक, म्हणजे प्राप्ती वाढायला हवी. आता गुणाकार करा. आधी ५०,०००, नंतर ४९,२००. प्राप्ती घटली! सूत्रावर विसंबून "प्राप्ती वाढली" निवडणाऱ्याचा गुण गेला.

असं का होतं? वाढलेली किंमत घटलेल्या मागणीला लागू होते. किंमत १.२ पट झाली, मागणी ०.८२ पट झाली, दोन्हींचा गुणाकार ०.९८४, म्हणजे एकापेक्षा कमी. २० टक्के दरवाढीत प्राप्ती जिथल्या तिथे राहायला मागणी सुमारे १६.७ टक्क्यांनीच घटावी लागते. तेव्हा मूळ आकड्यांवर काढलेली लवचिकता ०.८३ येते. म्हणजे ०.८३ ते १ हा पट्टा धोक्याचा. त्यात सूत्र अलवचिक सांगतं आणि गल्ला घटलेला असतो. किंमत कमी केली तर पट्टा एकाच्या वर सरकतो. २० टक्के कपात असेल तर १ ते १.२५ च्या दरम्यान सूत्र लवचिक म्हणेल, पण प्राप्ती मात्र घटलेली असेल. बदल लहान असेल तर पट्टा अरुंद होतो. ५ टक्के दरवाढीत तो साधारण ०.९५ ते १ एवढाच उरतो.

मध्यबिंदूच्या सूत्रात ही अडचण येत नाही. त्यात बदलाला जुन्या आणि नव्या आकड्यांच्या सरासरीने भागतात. वरच्याच उदाहरणात मागणीतला बदल ४५५ वर ९०, म्हणजे सुमारे १९.८ टक्के, आणि किमतीतला ११० वर २०, म्हणजे सुमारे १८.२ टक्के. लवचिकता १.०९. लवचिक, आणि प्राप्तीही घटलेली. दोघांचं जुळलं, आणि ते नेहमीच जुळतं. मध्यबिंदूने आलेलं उत्तर एकापेक्षा जास्त असेल तर दरवाढीत प्राप्ती घटलेलीच असते, नेमकं एक असेल तर ती तेवढीच असते. जोडवाक्यांच्या त्या दहा सेकंदांच्या काटेला आधार आहे तोही हाच. प्रश्नात "मूळ किंमत आधार धरून शेकडेवारी पद्धतीने" असं स्पष्ट लिहिलेलं असेल आणि उत्तर त्या पट्ट्यात पडत असेल, तर ती काट मारू नका, दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या तपासा.

आता उलट बाजू. पर्याय निव्वळ आकड्यांचे असतील तर एकूण प्राप्ती लवकर थकते. चिवड्याच्याच प्रश्नाला असे पर्याय समजा: १.६७, ०.६, ०.७३, ०.८८. प्राप्ती वाढली, म्हणून १.६७ वर काट. पुढे ती काहीच सांगू शकत नाही, कारण उरलेले तिन्ही एकाच्या खाली आहेत. इथे शेकडेवारीला पर्याय नाही, आणि प्रत्येक चुकीचा आकडा कुठून आला हे ओळखता आलं तर काम सोपं होतं. १.६७ हा भागाकार उलटा केल्याचा, पंचवीसला पंधराने भागल्याचा. ०.७३ मध्यबिंदूच्या सूत्राचा. ०.८८ उलटा प्रवास केल्याचा, म्हणजे किंमत ५० वरून ४० झाली असं धरून २० टक्के आणि सुमारे १७.६ टक्के घेतल्याचा. हे आकडे प्रश्न काढणाऱ्याने अंदाजाने टाकलेले नसतात. मुलं जिथे चुकतात तिथून ते उचललेले असतात. मीही तसेच उचलतो.

०.६ आणि ०.७३ मधून निवडायचं कसं? प्रश्नाच्या शब्दांतून, आणि ते गप्प असतील तर अभ्यासक्रमातून. राज्य मंडळाच्या बारावीच्या अर्थशास्त्रात मूळ किंमत आणि मूळ मागणीच पायाला असते, म्हणून तिथे ०.६. अमेरिकी धाटणीच्या पाठ्यपुस्तकांवरून बेतलेल्या क्विझमध्ये मध्यबिंदू भेटतो. आपल्या सरांनी कोणतं सूत्र शिकवलंय, हे क्विझच्या आदल्या दिवशी विचारून घ्या. परीक्षेच्या खोलीत ते ठरवता येत नाही. आणि पर्यायांत -०.६ असेल तर घाबरू नका. किंमत आणि मागणी उलट दिशेने जातात म्हणून गणितात उणे चिन्ह येतं, बहुतेक ठिकाणी ते सोडून फक्त आकडा घेतात. ०.६ आणि -०.६ दोन्ही एकाच प्रश्नात दिसले, तर मात्र वर्गातल्या सूत्रात उणे चिन्ह लिहिलं होतं का, हे आठवा.

एका प्रकारच्या प्रश्नात दोन्ही पद्धती एकदम पडतात. "दिवाळीच्या महिन्यात चिवड्याची किंमत ४० वरून ४४ केली आणि विक्री १,००० वरून १,६०० झाली. यावरून काय म्हणता येईल?" सूत्र लावलं तर १० टक्क्यांना ६० टक्के, उत्तर ६, अतिशय लवचिक. प्राप्ती बघितली तर किंमत आणि प्राप्ती दोन्ही वर, म्हणजे अलवचिक. एकाच प्रश्नावर दोन विरुद्ध उत्तरं आली की समजावं, प्रश्न लवचिकतेचा नाहीच. किंमत वाढूनही मागणी वाढली, म्हणजे सणामुळे मागणीचा वक्रच उजवीकडे सरकला. लवचिक, अलवचिक, एकक लवचिक हे तिन्ही पर्याय इथे कापायचे आणि "मागणीत वृद्धी झाली, या आकड्यांवरून लवचिकता काढता येत नाही" हा निवडायचा. म्हणून कोणत्याही गुणाकाराच्या आधी किंमत आणि मागणी यांचे बाण उलट दिशेचे आहेत ना, हे बघून घ्या.

आकडेच नसलेल्या प्रश्नांत शब्द वाचणं एवढंच हाती असतं, आणि मार्केटिंगचा पेपर अर्थशास्त्राहून वेगळा होतो तो इथेच. "मिठाची मागणी" म्हटलं की अलवचिक, हे सगळ्यांना पाठ असतं. पण प्रश्न "एका विशिष्ट कंपनीच्या मिठाची मागणी" असा असेल तर शेजारच्याच फळीवर दुसऱ्या कंपनीचं पाकीट ठेवलेलं आहे. पर्यायी वस्तू इतकी जवळ असताना मागणी लवचिकच राहणार. "जीवनावश्यक वस्तू असल्याने अलवचिक" हा पर्याय इथे सगळ्यात मोहात पाडतो आणि सगळ्यात आधी कापायचा तोच.

शेवटचा शब्द नफा. प्राप्ती आणि नफा यांची अदलाबदल करून केलेला पर्याय मी स्वतः अनेकदा टाकतो. "मागणी लवचिक असताना किंमत कमी केल्यास नफा वाढतोच" हा कापा. प्राप्ती वाढेल, पण जास्त पाकिटं बनवायची म्हणजे शेंगदाणे, तेल, पॅकिंग यांचा खर्चही वाढणार, आणि कोण जास्त वाढलं ते खर्चाचे आकडे असल्याशिवाय कळत नाही. उलट "मागणी अलवचिक असताना किंमत वाढवल्यास नफा वाढतो" हे मात्र टिकतं. पाकिटं कमी बनली म्हणून एकूण खर्च वाढत नाही, आणि प्राप्ती वाढलेली असते. चिवड्याच्या प्रश्नात एका पाकिटाला ३० रुपये खर्च धरा: आधी उरत होते १०,०००, आता ८५० पाकिटांवर उरतात १७,०००.