नगामागचे पैसे किती बदलले की नियोजन बदलतं? शेवटचं सिम्प्लेक्स टेबल, सॉल्व्हरचा रिपोर्ट की पुन्हा सोडवणं

बेळगावच्या उद्यमबागेत किंवा मच्छ्याला असते तशी एक मध्यम फौंड्री धरू. माल तीन प्रकारचा: पंप केसिंग, व्हॉल्व्ह बॉडी आणि मोटारीची बेसप्लेट. आठवड्याला मोल्डिंगचे ५० तास आणि मशीन शॉपचे ८० तास मिळतात. केसिंगला मोल्डिंगचा १ तास आणि मशीनचे २ तास लागतात, व्हॉल्व्हला दोन्हीकडे १-१ तास, बेसप्लेटला मोल्डिंगचे २ आणि मशीनचा १. नगामागे सुटणारे पैसे अनुक्रमे ५००, ४०० आणि ६०० रुपये. आकडे हिशेब सोपा जावा म्हणून गोल घेतले आहेत. 'सुटणारे पैसे' म्हणजे विक्रीच्या दरातून पिग आयर्न, स्क्रॅप, कोक, वीज असा नगाबरोबर वाढणारा खर्च वजा केल्यावर उरणारी रक्कम. शेडचं भाडं आणि ऑफिसचे पगार यात धरले तर हे आकडे, म्हणजे गणितातले गुणक, सगळेच चुकतात आणि पुढचा कुठलाच हिशेब उपयोगी पडत नाही.

आठवड्याला जास्तीत जास्त पैसे सुटावेत म्हणून किती नग करायचे, याचं उत्तर येतं केसिंग ३०, व्हॉल्व्ह २०, बेसप्लेट शून्य आणि एकूण २३,००० रुपये. खरा प्रश्न यानंतर सुरू होतो. गिऱ्हाईक केसिंगचा दर खाली ओढतंय, तर कुठपर्यंत हेच नियोजन चालवायचं? हे शोधायचे तीन मार्ग आहेत: शेवटचं टेबल हातानं वाचणं, एक्सेल सॉल्व्हरचा सेन्सिटिव्हिटी रिपोर्ट घेणं, किंवा दर बदलून गणित पुन्हा पुन्हा सोडवणं. तिन्हींतून मिळणारी माहिती सारखी नसते, म्हणून कोणता मार्ग कधी घ्यायचा ते ठरवावं लागतं.

टेबल हातानं वाचताना

| बेसिक | केसिंग | व्हॉल्व्ह | बेसप्लेट | मोल्डिंग शिल्लक | मशीन शिल्लक | उत्तर |
|---|---|---|---|---|---|---|
| केसिंग | १ | ० | −१ | −१ | १ | ३० |
| व्हॉल्व्ह | ० | १ | ३ | २ | −१ | २० |
| खालची ओळ | ० | ० | १०० | ३०० | १०० | २३,००० |

खालच्या ओळीत zⱼ − cⱼ आहे आणि गणित कमाल काढायचं आहे. त्यामुळे त्या ओळीतला एकही आकडा ऋण नसेल तोवर उत्तर टिकतं. काही पुस्तकं cⱼ − zⱼ मांडतात, तिथे चिन्हं उलटी असतात. टेबल कोणत्या पद्धतीचं आहे हे आधी पाहून घ्या, नाहीतर वाढीची मर्यादा घटीच्या जागी जाऊन बसते आणि आकडे बघून ते लक्षातही येत नाही.

केसिंगचा गुणक ५०० वरून ५०० + Δ झाला असं धरू. केसिंग बेसिक असल्यामुळे तिच्या ओळीला Δ नं गुणून ती खालच्या ओळीत मिळवायची. बेसप्लेटखाली १०० − Δ येतं, मोल्डिंग शिल्लकखाली ३०० − Δ आणि मशीन शिल्लकखाली १०० + Δ. केसिंगच्या स्वतःच्या रकान्यात Δ मिळवला तरी तिचा cⱼ सुद्धा Δ नंच वाढलेला असतो, म्हणून तिथे शून्यच राहतं. तिथे Δ लिहून ठेवणं ही परीक्षेतली नेहमीची चूक आहे. आता तिन्ही आकडे शून्य किंवा वर राहायला हवेत: पहिल्यावरून Δ जास्तीत जास्त १००, दुसऱ्यावरून ३००, तिसऱ्यावरून कमीत कमी −१००. यातल्या घट्ट मर्यादा घेतल्या की केसिंगची कक्षा ४०० ते ६०० रुपये ठरते.

व्हॉल्व्हसाठी हेच दुसऱ्या ओळीनं करायचं: १०० + ३Δ, ३०० + २Δ, १०० − Δ. घट ३३.३३ पर्यंत चालते आणि वाढ १०० पर्यंत, म्हणजे कक्षा साधारण ३६६.६७ ते ५०० रुपये. बेसप्लेट नॉन-बेसिक आहे, त्यामुळे तिचा गुणक बदलला तर फक्त तिच्याच रकान्यातला १०० हलतो. ७०० रुपयांपर्यंत ती उत्तरात येत नाही, आणि खाली कितीही उतरली तरी फरक पडत नाही.

सीमा ओलांडल्यावर काय होतं हेही याच टेबलात दिसतं, आणि हातानं करायचा मोठा फायदा हाच. ६०० च्या वर बेसप्लेटचा रकाना ऋण होतो, म्हणजे बेसप्लेट आत येते. तिच्या रकान्यात धन आकडा फक्त व्हॉल्व्हच्या ओळीत आहे, म्हणून व्हॉल्व्ह बाहेर जातो. नवं उत्तर केसिंग ३६⅔ आणि बेसप्लेट ६⅔, म्हणजे तीन आठवड्यांत ११० आणि २० नग. याउलट ४०० च्या खाली मशीन शिल्लक आत येते आणि केसिंगच बाहेर पडते: ५० व्हॉल्व्ह, आणि मशीनचे ३० तास रिकामे.

दोन्हीकडची कक्षा शंभराचीच असली तरी परिणाम सारखा नाही. केसिंगला ६१० मिळाले आणि तुम्ही जुनंच नियोजन ठेवलंत तर आठवड्याला ६६.६७ रुपये हातचे जातात. तेवढ्यासाठी व्हॉल्व्हचं गिऱ्हाईक सोडणं शहाणपणाचं नाही. पण केसिंग ३८० वर आली आणि जुनंच चालू ठेवलं तर आठवड्याला ६०० रुपयांचा फटका बसतो. कारण प्रत्येक रुपयामागे पहिल्या बाजूला ६⅔ नगांचा फरक पडतो आणि दुसऱ्या बाजूला ३० नगांचा.

सॉल्व्हरचा रिपोर्ट

एक्सेलमध्ये पद्धत `Simplex LP` निवडून सोडवलं आणि शेवटी `Sensitivity` रिपोर्ट मागितला की `Allowable Increase` आणि `Allowable Decrease` हे रकाने तयार मिळतात. आपल्या गणितात केसिंगला १०० आणि १००, व्हॉल्व्हला १०० आणि ३३.३३, बेसप्लेटला वाढ १०० आणि घट `1E+30`. हा शेवटचा आकडा म्हणजे अनंत. बेसप्लेटचा `Reduced Cost` इथे −१०० दिसेल, कारण एक्सेल चिन्ह उलटं धरतं. पद्धत चुकून `GRG Nonlinear` राहिली असेल तर रिपोर्ट येतो, पण त्यात हे दोन रकानेच नसतात. आणि नग पूर्णांकच हवेत अशी अट घातली असेल तर सेन्सिटिव्हिटी रिपोर्ट मिळतच नाही.

तीस-चाळीस प्रकारचा माल आणि डझनभर अटी असतील तर हाच मार्ग घ्यावा, हातानं करण्यात अर्थ नाही. पण सीमेवर कोण आत येतं आणि कोण बाहेर जातं, हे एक्सेल सांगत नाही. ते हवं असेल तर GLPK हा सॉल्व्हर बरा पडतो:

```
glpsol --lp foundry.lp --ranges out.txt
```

त्याच्या `out.txt` मध्ये प्रत्येक मर्यादेसमोर ती कोणत्या चलामुळे आली आणि तिथे एकूण रक्कम किती, हेही छापलेलं असतं.

रिपोर्टमधली एक गोष्ट बरेच जण चुकीची वाचतात. कक्षेच्या आत नग बदलत नाहीत, पण `Shadow Price` बदलू शकतात. आज मोल्डिंगचा एक जादा तास ३०० रुपयांचा आहे आणि मशीनचा १००. केसिंग ५५० झाली तर नग तेच, एकूण रक्कम २४,५००, पण मोल्डिंगचा तास २५० वर उतरतो आणि मशीनचा १५० वर चढतो. मशीन शॉपचा ओव्हरटाइम तासाला १२० रुपये जादा पडत असेल, तर काल तो परवडत नव्हता आणि आज परवडतो. जुना रिपोर्ट समोर ठेवून 'कक्षेतच आहोत, काही बदललं नाही' म्हणणारा इथे फसतो. टेबलात मात्र ३०० − Δ आणि १०० + Δ डोळ्यांसमोरच असतात.

दर बदलून पुन्हा सोडवणं

सगळ्यांना हाच मार्ग आधी सुचतो: ४५०, ५००, ५५०, ६५० टाकून बघायचं. नवं नियोजन पूर्ण समोर येतं, पूर्णांकाच्या अटीही चालतात. पण सीमा नेमकी कळत नाही. ५५० ला जुनं आणि ६५० ला नवं उत्तर आलं, तर सीमा त्या शंभर रुपयांत कुठेतरी आहे एवढंच समजतं. बरोबर ६०० टाकलं तर दोन्ही उत्तरं सारखीच चांगली असतात, आणि सॉल्व्हर त्यातलं एकच दाखवतो. पूर्णांकाची अट असेल तर दुसरा चांगला मार्गच उरत नाही, एवढं मात्र खरं.

एकदम दोन-तीन दर हलले तर

पिग आयर्न महागलं की सगळ्याच मालाला झळ बसते. समजा केसिंगचे ६० आणि व्हॉल्व्हचे २० रुपये कमी झाले. रिपोर्टवरून शंभर टक्क्यांचा नियम लावला तर ६०/१०० आणि २०/३३.३३ मिळून १२० टक्के होतात. अशा वेळी नियम गप्प बसतो. बेरीज शंभरच्या आत असेल तर उत्तर टिकतं याची तो खात्री देतो, पण शंभरच्या वर गेली म्हणून उत्तर बदललंच असं तो म्हणत नाही. टेबलात दोन्ही ओळी एकत्र मिळवा: बेसप्लेटखाली १०० + ६० − ६० म्हणजे १००, मोल्डिंगखाली ३०० + ६० − ४० म्हणजे ३२०, मशीनखाली १०० − ६० + २० म्हणजे ६०. एकही ऋण नाही, म्हणजे नियोजन जसंच्या तसं टिकतं. कच्च्या मालाचे भाव सतत हलणाऱ्या धंद्यात टेबल जपून ठेवावं ते यासाठीच.

कक्षा खोटी ठरते तेव्हा

मोल्डिंगचे तास ५० ऐवजी ४० धरा. त्याच बेसिसनं केसिंग ४० येते आणि व्हॉल्व्ह शून्य, पण बेसिसमध्ये बसलेला. खालची ओळ तीच असल्यामुळे केसिंगची कक्षाही तीच निघते, ४०० ते ६००. पण ६०० च्या वर बेसप्लेट आत आली की गुणोत्तर ०/३ येतं, व्हॉल्व्ह बाहेर जातो, आणि नग पूर्वीचेच: केसिंग ४०, बाकी शून्य. बेसिस बदलला, नियोजन नाही. पुढचा बेसिस ६०० ते १२०० पर्यंत चालतो आणि १२०० नंतर आणखी एक येतो, तरी नग हलत नाहीत. केसिंग ४० च्या वर जाऊच शकत नाही, कारण मोल्डिंगचे ४० तास आणि मशीनचे ८० तास दोन्ही तिथेच संपतात. वरची खरी मर्यादा अनंत आहे. खालची ४०० मात्र खरी, कारण तिथे नग खरोखर केसिंगवरून व्हॉल्व्हवर जातात.

हे ओळखायची खूण सोपी आहे: उत्तराच्या रकान्यात एखाद्या बेसिक चलासमोर शून्य. एक्सेलच्या रिपोर्टमध्ये तीच खूण म्हणजे एखाद्या मालाची `Final Value` शून्य आणि `Reduced Cost` सुद्धा शून्य. पण तशी जोडी पर्यायी उत्तर असतानाही दिसते, म्हणून अशा वेळी सीमेच्या जरा पलीकडचा दर टाकून, इथे ६१०, एकदा पुन्हा सोडवा आणि नग खरंच बदलतात का ते पाहा.