शिफॉन केकच्या टिनचे आठ महिने

फेब्रुवारीत क्रॉफर्ड मार्केटमधून १७ सेंटीमीटरचा साध्या ॲल्युमिनियमचा टिन आणला, मधे नळी असलेला आणि तळ सुटा होणारा. तेव्हापासून आमच्या दादरच्या घरी जवळपास दर रविवारी शिफॉन होतो, म्हणजे तेल आणि अंड्याच्या फेटलेल्या पांढऱ्याचा हलका, उंच केक. उन्हाळा आणि पावसाळा दोन्ही त्याच्यासोबत काढले, म्हणून आता लिहिते आहे.

हा टिन आणायच्या आधी घरातलाच नॉनस्टिक टिन वापरून पाहिला होता, वर सवयीने आतून तेलाचं बोटही फिरवलं. ओव्हनमध्ये केक काठाच्या वर आला. बाहेर काढून उलटा केला, तर पाच मिनिटांत अख्खा केक सुटून ताटलीत पडला आणि दोन बोटं उंचीचा होऊन बसला.

कारण नंतर कळलं. बटरच्या केकमधलं बटर गार होताना घट्ट होतं, तेल मात्र पातळच राहतं. लॉस एंजेलिसच्या हॅरी बेकरने १९२७ मध्ये हा केक तयार केला तेव्हा त्याचं गुपित तेलच होतं, ते त्याने वीस वर्षं कुणाला सांगितलं नाही. तेलामुळे केक फ्रिजमध्येही मऊ राहतो, पण गरम असताना त्याला स्वतःचं वजनही पेलत नाही. सरळ ठेवला तर दबतो. उलटा टांगला तर तेच वजन त्याला ताणून धरतं आणि तोवर आतली जाळी गार होऊन पक्की बसते. अट एकच, केक भिंतीला घट्ट चिकटलेला हवा. म्हणून टिनला तेल नाही, भिंतीला कागद नाही, नॉनस्टिक तर नाहीच.

माझं माप असं: ३ पिवळे बलक, २० ग्रॅम साखर, ४० मिली सूर्यफुलाचं तेल, ५० मिली दूध, ७० ग्रॅम मैदा, अर्धा चमचा बेकिंग पावडर. आपल्याकडची अंडी लहान असतात, म्हणून पांढरे बलक ४ घेते. त्यात अर्धा चमचा लिंबाचा रस आणि ५० ग्रॅम बारीक केलेली साखर, तीन वेळा थोडी थोडी.

सगळं अवलंबून आहे ते पांढऱ्यावर. बीटर उचलल्यावर टोक उभं राहून शेंडा जरासा वाकला की मी थांबते. त्यापुढे फेटलं की फेस कोरडा पडतो, कापसासारखे गोळे होतात. ते पिवळ्यात मिसळत नाहीत, मग गोळे मोडायच्या नादात सगळा फेसच बसतो. मी दोन महिने हीच चूक करत होते, 'अजून घट्ट म्हणजे अजून उंच' असं वाटायचं.

फेसाचा पहिला एक तृतीयांश हिस्सा पिवळ्यात हाताच्या व्हिस्कनेच बिनधास्त मिसळते, त्याने पिवळं मिश्रण हलकं होतं. उरलेला फेस दोनदा, स्पॅच्युलाने: मधोमध उभा काप, तळ खरवडून वर आणायचं, दुसऱ्या हाताने पातेलं थोडं फिरवायचं. पांढऱ्या रेघा दिसेनाशा झाल्या की हात थांबवायचा. चांगलं मिश्रण जाड रिबनसारखं पडतं. ते ताकासारखं वाहायला लागलं आणि वर बुडबुडे फुटू लागले, तर फेस मोडला असं समजायचं.

माझ्या ओटीजीत १६० अंशांवर ३८ मिनिटं लागतात. टिन खालच्या रॅकवर ठेवते, नाहीतर वरचा रॉड जवळ पडून माथा करपतो.

बाहेर काढल्या काढल्या टिन उलटा करून नळी काचेच्या सरबताच्या बाटलीच्या तोंडावर बसवते. बाटली पाण्याने भरलेली, म्हणजे कलंडत नाही. नळी त्या तोंडावर बसते का, हे भट्टी लावण्याआधीच बघून ठेवायचं. गरम टिन हातात घेऊन बाटल्या शोधायची वेळ माझ्यावर आली आहे. एरवी दोन तास पुरतात, मे महिन्यात तीन लागले. टिनच्या तळाला हात लावून अजिबात कोमट लागत नसेल तरच काढायचा. पातळ लांब सुरी भिंतीला टेकवून वरखाली करत फिरवायची, नळीभोवती बांबूची काडी.

मे महिन्यात आईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, हापूसचा रस घालायला सांगितलं. ५० मिली दुधाऐवजी तेवढाच रस घातला तर पिवळं मिश्रण श्रीखंडासारखं घट्ट झालं, फेस त्यात शिरेना, केकमध्ये पांढरे ठिपके राहिले. पुढच्या वेळी ४० ग्रॅम रस आणि २० मिली पाणी घेतलं. मिश्रण पळीवाढं झालं आणि तो केक या आठ महिन्यांतला सगळ्यात चांगला निघाला. कोकोचा मात्र मला अजून तेवढा उंच जमलेला नाही. कोकोतल्या चरबीने फेस लवकर बसतो, त्यामुळे तिथे हात फारच कमी फिरवावा लागतो.

जुलैत रात्रभर उघडा राहिलेल्या केकची साल सकाळी चिकट होऊन बोटाला लागून सुटली. तेव्हापासून पूर्ण गार झाला की लगेच डब्यात ठेवते. जड आयसिंग किंवा दोन थर रचायचे असतील तर मी हा केक करत नाही, खालचा भाग दबतोच. टिनला घासणीची तार लावू नका, कोमट पाण्यात भिजवून मऊ स्पंजने धुतला की चिकटलेली साल आपोआप सुटते.