गंजाचे डाग आणि "धुऊन बघा"

वेंगुर्ल्याला गौरी-गणपतीच्या तोंडावर लेकीसाठी ऑनलाइन ड्रेस मागवला. १,८४९ रुपये यूपीआयने आधीच भरले. पार्सल आलं त्या दिवशी धो धो पाऊस होता, पण पिशवी आतून कोरडी ठणठणीत. ड्रेस उलगडला तर गळ्यापाशी तांबूस डाग, आणि प्रत्येक डागाच्या मधोमध टाचणीचं भोक. एक टाचणी अजून कापडातच होती, गंजून तपकिरी झालेली. माल किती दिवस पडून होता ते तिथेच कळलं.

मी विक्रेत्याला फोन केला. समोरची मुलगी अगदी गोड बोलली. "ताई, लिंबू-मीठ लावून धुऊन बघा, जातील डाग. नाही गेले तर पैसे परत करू." मी धुतला. डाग फिके झाले, पण भोकांच्या कडा विरल्या. पुन्हा फोन केल्यावर उत्तर मिळालं, "धुतलेला माल परत घेत नाही. शिवाय तुमच्याकडे कोकणात हवाच दमट." फोनवरचं बोलणं कुठेच नोंदलेलं नव्हतं, आणि धुण्याचा सल्ला कशासाठी होता ते मला तेव्हा उमगलं. तुम्ही काहीही झालं तरी धुऊ नका, लेबल कापू नका.

मला वाचवलं ते जावेला पाठवलेल्या फोटोंनी. पार्सल फोडताच, टाचणीसकट काढलेले, तारीख-वेळेसह व्हॉट्सअ‍ॅपवर होते. ते जोडून मी विक्रेत्याला आणि त्या संकेतस्थळाच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल केला:

"ऑर्डर क्रमांक अमुक, पार्सल मिळाल्याची तारीख अमुक. गळ्यापाशी गंजलेल्या टाचणीमुळे भोकं व डाग पडले आहेत. पार्सल फोडतानाचे फोटो जोडले आहेत. गंज दमट हवेने कापडाला लागत नाही, तो टाचणीचा आहे, आणि टाचणी तुमच्या पॅकिंगमधली आहे. ड्रेस तुमच्याच माणसाने फोनवर सांगितल्यामुळे धुतला, त्या कॉलची तारीख व वेळ खाली देत आहे. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार सदोष माल परत घेणं आणि पैसे देणं विक्रेत्याला नाकारता येत नाही. मला कूपन किंवा बदली ड्रेस नको. १,८४९ रुपये ज्या खात्यातून भरले त्याच खात्यात परत करा आणि ड्रेस तुमच्या खर्चाने घेऊन जा."

याच नियमांप्रमाणे त्या अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची असते आणि महिन्याभरात निकाल लावायचा असतो. पोच आली, मग "५०० रुपयांचं कूपन देतो" असा निरोप आला. मी नकार लेखीच कळवला आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर तक्रार नोंदवली. तिचा क्रमांक त्याच ईमेलखाली टाकला. तरीही नाहीच म्हणाले असते तर जिल्हा ग्राहक आयोग होता. आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते आणि एवढ्या रकमेला शुल्क लागत नाही.

आठवड्याने पैसे खात्यात आले. ड्रेस न्यायला मात्र अजून कोणी फिरकलेलं नाही. टाचणीसकट कपाटात ठेवलाय, आणि लेक गौरीला जुन्याच परकर-पोलक्यात मिरवली.