उवांचं लोशन की ओली फणी? आमच्या घरात दोन्ही झालं, त्यावरून

आम्ही ऐरोलीला राहतो, लेक चौथीत, केस पार कमरेपर्यंत. जुलैमध्ये ती डोकं खाजवायला लागली तेव्हा मला वाटलं कोंडा असेल, पावसाळ्यात केस धड वाळत नाहीत आणि सकाळी सातची व्हॅन म्हणजे ओल्याच केसांच्या वेण्या. दोन आठवडे कोंड्याच्या शाम्पूत घालवले. मग एका रविवारी वेणी घालताना कानामागे केसांना चिकटलेले खसखशीएवढे दाणे दिसले, नखाने सरकवले तर सरकेनात. कोंडा फुंकर मारली की उडतो, लीख उडत नाही, ती केसाच्या एका बाजूला डिंकाने चिकटवल्यासारखी बसलेली असते आणि दोन नखांत धरून पार टोकापर्यंत ओढत न्यावी लागते. तेवढ्यावरून कळलं.

त्याच आठवड्यात ठाण्याला वर्तकनगरमध्ये माझ्या जाऊबाईंच्या मुलीलाही तेच निघालं, राखीची खरेदी करायला दोघी बहिणी डोक्याला डोकं लावून मोबाईल बघत बसल्या होत्या, तिथेच झालं असणार. उवा उडी मारत नाहीत की उडत नाहीत, केसाला केस लागले की सरळ चालत जातात. जाऊबाईंनी मेडिकलमधून लोशन आणलं, मी फणी धरली. आता बिल्डिंगमधल्या दोघी-तिघी विचारतायत की काय करू, म्हणून दोन्हीचं जे झालं ते लिहिते.

आधी एक गोष्ट, दोन्हीपैकी काहीही सुरू करायच्या आधी जिवंत ऊ सापडली पाहिजे. नुसत्या लिखा दिसल्या म्हणून औषध लावायचं नाही. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो आणि ऊ अंडं घालते ते अगदी मुळाशी, त्यामुळे मुळापासून अर्ध्या-पाऊण सेंटिमीटरच्या आत चिकटलेली, तपकिरी, भरीव दिसणारी लीख असेल तर ती जिवंत असू शकते. त्याच्या पुढे गेलेल्या पांढऱ्या लिखा बहुतेक रिकामी टरफलं. गंमत म्हणजे लांबून डोळ्यात भरतात त्या पांढऱ्याच, आणि ज्यांची काळजी करायची त्या केसांच्या रंगात लपून जातात. पहिल्यांदाच उवा झाल्या असतील तर खाज सुरू व्हायलाच चार-सहा आठवडे लागू शकतात, कारण ती खाज उवेच्या लाळेची अ‍ॅलर्जी असते. म्हणजे "कालपासून खाजवतेय" म्हणून काल झाल्या असं नसतं, व्हॅनमधल्या शेजारणीला दोष देण्याआधी हे लक्षात घ्या.

आता लोशन. मेडिकलवाला देतो ते बहुतेक परमेथ्रिन १ टक्का असतं, बाटलीवर वाचून घ्या, कारण खरजेसाठी मिळणारं ५ टक्क्यांचं क्रीम वेगळं, ते डोक्याच्या उवांसाठी नाही. केस साध्या शाम्पूने धुवायचे, कंडिशनर अजिबात नाही, टॉवेलने टिपून दमट ठेवायचे, मग मुळापासून टोकापर्यंत लोशन, कानामागे आणि मानेवर नीट, १० मिनिटं ठेवून धुवायचं. बेसिनवर डोकं वाकवून आणि डोळ्यांवर सुका टॉवेल धरून केलं तर अंगावर ओघळत नाही. नंतर एक-दोन दिवस शाम्पू नको. कामाचा वेळ अर्धा तास, हे लोशनचं सगळ्यात मोठं सुख, दोघं नोकरी करणारे असतील आणि लोकलने साडेआठला घरी येणार असतील तर ते कमी नाही.

पण जाऊबाईंचं फसलं कुठे ते सांगते. त्यांनी शाम्पू वापरला तो टू-इन-वन, म्हणजे कंडिशनर त्यातच, केसांवर त्याचा थर बसला की औषध नीट लागत नाही. आणि दुसरं, जास्त महत्त्वाचं, त्यांनी एकदाच लावलं. दुसऱ्या दिवशी मेलेल्या उवा फणीत आल्या, खाज कमी झाली, सगळे खूश. अकराव्या दिवशी पोरगी परत खाजवायला लागली. परमेथ्रिन उवा मारतं, अंडी सगळी मारत नाही. अंडं फुटायला सात ते दहा दिवस लागतात, म्हणून नवव्या दिवशी पुन्हा लावायचं असतं, तोवर राहिलेली अंडी फुटून पिल्लं बाहेर आलेली असतात आणि अजून अंडी घालण्याएवढी मोठी झालेली नसतात. हा दुसरा हात चुकला की पहिल्याचे पैसे पाण्यात. त्यांनी मग नीट पहिला आणि नववा दिवस धरून पुन्हा केलं, तेव्हा संपलं. कधीकधी मात्र उवाच त्या औषधाला दाद देत नाहीत. ओळखायचं असं, लावल्यावर आठ-बारा तासांनी उवा मंद पडल्या असतील तर औषध काम करतंय, फणीने हळूहळू काढत राहा, पण आधीसारख्याच तुरुतुरु पळत असतील तर तेच परत परत लावू नका, डॉक्टरांकडून दुसरं घ्या.

माझ्या लेकीने मानेवर खाजवून ओरखडे काढले होते, त्यावर लोशन चुरचुरलं असतं, म्हणून मी ओल्या फणीचं ठरवलं. आधी सासूबाईंची जुनी लाकडी फणी घेतली, दोन्हीकडे दाते असतात ती, मोठ्या उवा आल्या पण पिल्लं दातांमधून सुटत होती. मग मेडिकलमधून लांब स्टीलच्या दातांची आणली. खात्री करायची तर एक केस दातांमधून ओढून बघा, अडकत-घासत गेला पाहिजे, मोकळा गेला तर ती फणी उवांसाठी नाही.

पद्धत अशी. केस धुवायचे, मग मूठभर कंडिशनर, स्वस्तातलं चालतं, फक्त हात आखडता घ्यायचा नाही. कंडिशनरने उवा थोडा वेळ जागच्या जागी थिजतात, नाहीतर कोरड्या केसात फणी लागली की त्या बाजूला सटकतात आणि तुम्हाला वाटतं काहीच नाही. आधी साध्या कंगव्याने गुंता काढायचा, केसांचे चार भाग करून चाप लावायचे, एकेक बोटभर बट घ्यायची आणि फणी टाळूला टेकवून टोकापर्यंत एकाच ओढीत. प्रत्येक ओढीनंतर पांढऱ्या टिश्यूवर पुसायची. तीळ दिसला तर मोठी ऊ, खसखशीएवढं हलणारं काही दिसलं तर पिल्लू. सगळं डोकं झालं की कंडिशनर धुवून पुन्हा एकदा तसंच. आम्हाला पहिल्या दिवशी पन्नास मिनिटं लागली, त्यात वीस मिनिटं रडारड, मग टॅबवर कार्टून लावून दिलं.

हे दिवस १, ५, ९ आणि १३ ला करायचं. आमचा पहिला दिवस रविवार, ९ मोठ्या आणि ५ लहान निघाल्या. गुरुवारी ४, सगळ्या लहान. सोमवारी १ पिल्लू. शुक्रवारी काही नाही, त्यानंतरच्या मंगळवारी म्हणजे सतराव्या दिवशी खात्रीसाठी पुन्हा फिरवली, टिश्यू कोरा. हे आकडे मी कॅलेंडरवर लिहून ठेवत होते आणि त्याचाच उपयोग झाला, कारण महत्त्वाचं काय तर गुरुवारी ज्या आल्या त्या लहान होत्या, म्हणजे नवीन फुटलेल्या. गुरुवारी किंवा सोमवारी मोठी ऊ आली असती तर एकतर रविवारी सुटली असती नाहीतर पुन्हा कुठूनतरी आली असती, आणि मग मोजणी पहिल्यापासून. मधला एक दिवस चुकवला तरी तेच होतं. फणीने लिखा निघाल्या नाहीत म्हणून घाबरायचं नाही, फुटून बाहेर आलेलं प्रत्येक पिल्लू मोठं व्हायच्या आत पकडलं की झालं.

"मग बेस्ट कोणतं", तर ब्रिटनमध्ये याच्या चाचण्या झाल्यात आणि त्या एकमेकींच्या उलट गेल्यात. २००० सालच्या एकीत मॅलॅथिऑन लोशनने ७८ टक्के मुलं उवामुक्त झाली आणि फणीने ३८. २००५ सालच्या दुसरीत फणीच्या किटने ५७ आणि दुकानातल्या लोशनने १३. त्यामुळे कुणी छातीठोकपणे सांगत असेल की फणीच किंवा लोशनच, तर त्यांचं मनावर घेऊ नका. माझं मत असं, केस खांद्यापर्यंत असतील, पोर अर्धा तास बसत असेल आणि घरात एक माणूस दर चौथ्या दिवशी मोकळं असेल तर फणी. केस खूप दाट, गुंतणारे असतील, दोन-तीन भावंडांना एकदम झालं असेल किंवा चौथ्या दिवसाची खात्री नसेल तर लोशन दोनदा, आणि मधे तपासायला फणी तरीही लागतेच. दोन महिन्यांपेक्षा लहान बाळाला, किंवा डोक्यावर पू, मानेला गाठी, ताप असेल तर आधी डॉक्टर.

घरगुतीमध्ये खोबरेल लावून फणी फिरवणं ठीक आहे, तेलाने फणी सरकते, पण रात्रभर तेल लावून उवा मरतील या भरवशावर राहू नका. रॉकेल आगीला आमंत्रण. कापराचं तेल पोराच्या पोटात गेलं तर झटके येऊ शकतात. आणि सीताफळाच्या बिया वाटून लावण्याचा सल्ला सासूबाईंच्या बहिणीने फोनवर दिला, तो मी गोड बोलून टाळला, कारण ती पूड डोळ्यात गेली तर बुबुळाला इजा होते आणि वाटलेली गोष्ट डोक्यावरून ओघळणारच.

घरातल्या सगळ्यांचं डोकं त्याच दिवशी बघा, जिच्यात जिवंत ऊ सापडेल तिलाच उपचार. माझ्यातही दोन निघाल्या, मला काडीची खाज नव्हती. उशीचा अभ्रा, टॉवेल, हेअरबँड गरम पाण्यात धुतले, बस. पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवायची गरज नाही, डोक्यावरून पडलेली ऊ एक-दोन दिवसांत मरते.

सतराव्या दिवसानंतरही शाळेतून चिठ्ठी आली, "केसांत लिखा आहेत". मी टीचरना मोबाईलवर जवळून काढलेला फोटो दाखवला, टाळूपासून दीड सेंटिमीटर लांब, पांढरी, रिकामी. त्या म्हणाल्या दिसतात ना पण. मग काय, दोन संध्याकाळी बसून टरफलं नखाने ओढून काढली.