गणेशोत्सवाच्या प्रायोजकांना आभाराचा ई-मेल : एकच पत्र सर्वांना की प्रत्येकाला वेगळे?

अनंत चतुर्दशीनंतर मंडप उतरतो, भाड्याची भांडी परत जातात, आणि चिटणिसाच्या वहीत एक काम शिल्लक राहते : ज्यांनी जाहिरातीच्या रूपाने उत्सवाला हातभार लावला, त्यांचे लेखी आभार मानून झालेल्या कार्यक्रमांचा थोडक्यात अहवाल कळवणे. दहा-पंधरा प्रायोजक असलेल्या मध्यम आकाराच्या मंडळापुढे या टप्प्यावर दोन मार्ग असतात. एक मार्ग म्हणजे एकच मजकूर तयार करून तो सर्वांना एकदम पाठवणे आणि छायाचित्रांसाठी गूगल ड्राइव्हचा दुवा देणे. दुसरा म्हणजे प्रत्येक प्रायोजकाला त्याच्यापुरते पत्र लिहून मोजकी छायाचित्रे पत्रालाच जोडणे. मंडळाचा पत्रव्यवहार सांभाळताना मी हे दोन्ही मार्ग वापरले आहेत. माझा कौल दुसऱ्या मार्गाला आहे, मात्र पहिला मार्ग कोठे पुरेसा ठरतो हेही सांगणे आवश्यक आहे.

एकच पत्र सर्वांना पाठवण्यात वेळ वाचतो, यात शंका नाही. मजकूर एका संध्याकाळी लिहून होतो, अध्यक्ष आणि खजिनदार तो एकदाच वाचतात, आणि आकड्यांत तफावत राहण्याचा संभव कमी होतो. अडचण अशी की, सर्वांना चालेल असा मजकूर लिहिताना प्रत्येकाच्या कामाचे तेवढेच त्यातून गळते. ज्या सहकारी बँकेच्या शाखेने रक्तदान शिबिराचा खर्च उचलला, त्या शाखेच्या व्यवस्थापकाला ढोल-ताशा पथकाच्या वर्णनाचा उपयोग नसतो. त्याला वरिष्ठ कार्यालयाला दाखवण्यासाठी शिबिराची तारीख, रक्तदात्यांची संख्या आणि बँकेचा फलक स्पष्ट दिसेल असे एक छायाचित्र हवे असते. कमानीवर जाहिरात दिलेल्या सराफाला मात्र कमान रात्री उजळलेली असताना तिच्याखालून माणसे जात आहेत, असे दृश्य हवे असते. सामायिक पत्रातून हे दोघेही आपापला भाग शोधत बसतात, आणि बहुतेक वेळा पत्र तसेच मिटवले जाते. शिवाय घाईत सर्वांचे पत्ते To या ओळीत घातले गेले, तर कोणकोण प्रायोजक आहेत आणि कोणाचा खाजगी पत्ता कोणता, हे सर्वांना कळते. सामायिक पत्र पाठवायचेच असेल, तर पत्ते Bcc मध्ये घालावेत.

वेगळ्या पत्रांना किती वेळ लागतो, याचा हिशेब प्रत्यक्ष करून पाहावा. नमस्कार, उत्सवाचा एकूण आढावा आणि शेवटचे निमंत्रण हे भाग सर्वांना सारखेच असतात; बदलतो तो मधला एक परिच्छेद आणि सोबतची तीन छायाचित्रे. छायाचित्रे आधी निवडून ठेवलेली असतील, तर एका पत्राला वीस मिनिटे पुरतात, म्हणजे बारा प्रायोजकांना चार तास. उत्सवासाठी दोन महिने धावपळ केलेल्या मंडळाला दोन संध्याकाळी चार तास काढणे कठीण नाही.

त्या मधल्या परिच्छेदात काय असावे, याबद्दल माझे मत ठाम आहे : ठरले काय होते आणि झाले काय, एवढेच तेथे लिहावे. समजा, सराफांशी तीन गोष्टी ठरल्या होत्या : कमानीवर दहाही दिवस फलक, रोजच्या सायंआरतीनंतर ध्वनिक्षेपकावरून उल्लेख, आणि कार्यक्रमपत्रिकेत अर्धे पान. तिसऱ्या दिवशीच्या पावसात फलक फाटला आणि चौथ्या दिवशी संध्याकाळी नवा लागला, असे घडले असेल, तर तेही लिहावे. प्रायोजकाचे दुकान त्याच रस्त्यावर असते; फलक नसलेला दिवस त्याने किंवा त्याच्या नोकरांनी पाहिलेला असतो. आपण तो स्वतःहून नोंदवला की उरलेल्या नऊ दिवसांच्या नोंदीवर त्याचा विश्वास बसतो. आकड्यांनाही हीच कसोटी लावावी. ‘लाखो भाविकांनी दर्शन घेतले’ हे वाक्य कोणीही मोजलेले नसते, म्हणून ते टाळावे. रक्तपेढीने दिलेल्या पावतीवरील पिशव्यांची संख्या किंवा महाप्रसादाच्या वाटलेल्या कूपनांची संख्या मोजलेली असते, ती द्यावी.

मजकूर साधारण असा होतो :

> विषय : गणेशोत्सव २०२५ – आभार व कमानीच्या जाहिरातीचा अहवाल
>
> सप्रेम नमस्कार,
>
> दि. २७ ऑगस्ट ते ६ सप्टेंबर २०२५ या काळात पार पडलेल्या आमच्या मंडळाच्या उत्सवात आपण मुख्य कमानीचे प्रायोजकत्व स्वीकारलेत, याबद्दल मंडळ आपले मनःपूर्वक आभारी आहे. ठरल्याप्रमाणे आपला फलक उत्सवकाळात लावण्यात आला. २९ ऑगस्टच्या पावसात तो फाटल्याने ३० तारखेच्या संध्याकाळपर्यंत जागा रिकामी राहिली, याबद्दल दिलगिरी व्यक्त करतो. रोजच्या सायंआरतीनंतर आपल्या सहकार्याचा उल्लेख करण्यात आला. तीन छायाचित्रे व एक पानी अहवाल सोबत जोडला आहे.

विषयाच्या ओळीत वर्ष आणि कामाचे नाव दोन्ही आहेत, कारण पुढच्या वर्षी आपला किंवा त्यांचा माणूस हे पत्र शोधील तेव्हा त्याला हेच शब्द आठवतील. ‘प्रायोजकत्व’ हा शब्दही विचारपूर्वक वापरला आहे. रक्कम जाहिरातीपोटी घेतली असेल, तर पत्रात तिला ‘देणगी’ म्हणू नये. पावतीवर एक शब्द आणि पत्रात दुसरा असला, की त्यांच्या हिशेबनिसाला ती रक्कम कोणत्या खात्यावर टाकावी हा प्रश्न पडतो आणि आपल्या खजिनदाराला फोन येतो. ज्यांनी कोणत्याही जाहिरातीची अपेक्षा न ठेवता वर्गणी किंवा देणगी दिली, त्यांना मात्र सामायिक आभारपत्र पूर्णपणे शोभते. पहिल्या मार्गाची खरी जागा ती आहे.

आता छायाचित्रांकडे वळतो, कारण सर्वाधिक घोटाळा येथेच होतो. एका वर्षी आम्ही सुमारे चारशे छायाचित्रे ड्राइव्हवर चढवून सर्वांना दुवा पाठवला आणि काम झाले असे समजून स्वस्थ बसलो. आठवड्याने एका प्रायोजकाची भेट झाली, तेव्हा त्यांच्या पडद्यावर ‘You need access’ एवढेच दिसत होते असे कळले. फोल्डरची परवानगी ‘Restricted’ राहिली होती, आणि ते उघडून देण्याच्या विनंत्या मंडळाच्या अशा खात्यावर येऊन पडल्या होत्या, जे उत्सवानंतर कोणी उघडलेच नव्हते. परवानगी ‘Anyone with the link’ आणि भूमिका ‘Viewer’ ठेवून, तो दुवा खात्यातून बाहेर पडलेल्या ब्राउझरमध्ये स्वतः उघडून पाहिला असता, तर हे पाठवण्याआधीच लक्षात आले असते. तरीही एक मर्यादा उरतेच : काही बँका आणि मोठ्या कंपन्या कार्यालयातील संगणकावर असे दुवे उघडूच देत नाहीत. आणि दुवा उघडला, तरी चारशे छायाचित्रांतून स्वतःचा फलक शोधण्याचे काम आपण प्रायोजकावर टाकलेले असते.

छायाचित्रे पत्रालाच जोडण्याच्या मार्गात अडथळा आकाराचा असतो. जीमेलमधून २५ एमबीपर्यंतची जोडणी पाठवता येते; त्याहून मोठी फाइल आपोआप ड्राइव्हचा दुवा बनते, म्हणजे आपण टाळू पाहत असलेल्या अडचणीतच परत येतो. पाठवताना जोडणीचा आकार साधारण एक तृतीयांशाने वाढतो, आणि समोरच्या कार्यालयाच्या सर्व्हरची मर्यादा याहून कमी असू शकते. चांगल्या फोनमधील मूळ छायाचित्र चार-पाच एमबीचे असते, म्हणून सहा छायाचित्रे जोडली तरी पत्र परत येण्याची भीती असते. लांब बाजू १६०० पिक्सेल ठेवून छायाचित्र लहान केले, तर ते सहसा अर्ध्या एमबीच्या आसपास येते, पडद्यावर स्वच्छ दिसते, आणि तीन छायाचित्रे व अहवालाची पीडीएफ मिळून पत्र तीन एमबीच्या आत बसते. मूळ मोठी छायाचित्रे हवी असल्यास पाठवू, असे एक वाक्य लिहावे; ज्याला छापायची असतील तो मागून घेतो, आणि तेव्हा दुवा खुशाल द्यावा.

लहान करण्यासाठी मूळ छायाचित्र मात्र हाती हवे. कार्यकर्त्यांनी व्हॉट्सॲपच्या गटावर टाकलेली छायाचित्रे आधीच दाबली गेलेली असतात आणि त्यांत फलकावरची बारीक अक्षरे पुसट होतात. म्हणून छायाचित्रकाराला ती ‘Document’ म्हणून पाठवण्यास उत्सवाच्या पहिल्याच दिवशी सांगून ठेवावे. फलकाजवळ माणसे नसलेले छायाचित्र निवडू नये. रिकाम्या कमानीवरून जाहिरात कोणी पाहिली हे कळत नाही. लहान मुलांचा चेहरा जवळून दिसत असेल, तर पालकांना विचारल्याखेरीज ते छायाचित्र प्रायोजकाकडे जाऊ देऊ नये.

पत्र कधी पाठवावे, याचे उत्तर पंचांगात आहे. २०२५ मध्ये अनंत चतुर्दशी ६ सप्टेंबरला होती आणि घटस्थापना २२ सप्टेंबरला. मधला पंधरवडा पितृपक्षाचा. या दिवसांत सोने, कापड आणि वाहनांच्या दुकानांत तुलनेने उसंत असते आणि मालक पत्र वाचू शकतो. नवरात्र सुरू झाले की दुसऱ्या मंडळांची मागणीपत्रे येऊ लागतात आणि पाठोपाठ दिवाळी येते. म्हणून विसर्जनानंतर साधारण आठवड्याने, छायाचित्रे आणि आकडे हाती येताच पत्र जावे. लेखापरीक्षण झालेल्या हिशेबाची वाट पाहून आभार लांबवू नयेत. हिशेब तयार झाला की तो स्वतंत्रपणे पाठवता येतो.

पितृपक्षात नव्या व्यवहाराची बोलणी करणे अनेकांना रुचत नाही, आणि त्यामुळेच निमंत्रण याच पत्रात द्यावे की नंतर वेगळे, हा प्रश्न उभा राहतो. मी दोन्हींची वाटणी अशी करतो : आभाराच्या पत्रात रकमेचा उल्लेख न करता केवळ इच्छा कळवावी, आणि दरपत्रकासह रीतसर विनंती फेब्रुवारी-मार्चमध्ये करावी, कारण बहुतेक आस्थापनांचे जाहिरातीचे अंदाजपत्रक एप्रिलपासूनच्या वर्षासाठी ठरते. ‘पुढील वर्षीही असेच सहकार्य लाभावे’ हे वाक्य सभ्य आहे, पण त्यातून प्रायोजकाला काहीच मिळत नाही. त्याऐवजी त्याला आधी विचारले जाईल, असे लिहिणे जास्त उपयोगी ठरते. फक्त एक सावधगिरी बाळगावी लागते : बहुतेक मंडळांत वार्षिक सभेत नवी कार्यकारिणी निवडली जाते, म्हणून मावळत्या चिटणिसाने जागेचे वचन परस्पर देऊ नये. शेवटचा परिच्छेद मी असा लिहितो :

> अधिक मासामुळे पुढील वर्षी श्रीगणेश चतुर्थी १४ सप्टेंबर २०२६ रोजी, म्हणजे यंदाच्या मानाने अठरा दिवस उशिरा येत आहे. नवी कार्यकारिणी मार्चमध्ये जाहिरातींच्या जागा ठरवील, तेव्हा मुख्य कमानीसाठी प्रथम आपल्याला विचारावे, अशी शिफारस आम्ही नोंदवून ठेवत आहोत. आपल्या सोयीने कळवावे, ही विनंती. कळावे, लोभ असावा.

पाठवल्यानंतर दोन दिवस मंडळाचे खाते उघडून पाहावे. पत्ता चुकला असेल किंवा समोरची पेटी भरलेली असेल, तर ‘Delivery Status Notification (Failure)’ असे पत्र तेथे आलेले असते, आणि तशा प्रायोजकाकडे मग छापील प्रत घेऊन प्रत्यक्ष जावे.