जुन्या सागवानी दाराला दुसरे कुलूप: आठ महिन्यांनंतरचा अनुभव

साताऱ्यातील मंगळवार पेठेतले आमचे घर वडिलांनी 1968 साली बांधले. त्याचे मुख्य दार सागवानी, एकाच झडपेचे, आत उघडणारे आणि 38 मिलिमीटर जाडीचे आहे. जुन्या कुलपाच्या जोडीला गेल्या फेब्रुवारीत मी त्यावर डेडबोल्ट, म्हणजे चावीने जाड दांडा थेट चौकटीत सरकवणारे कुलूप, बसवून घेतले. आता ऑक्टोबर संपत आला असून एक उन्हाळा आणि एक पूर्ण पावसाळा पाहून झाल्यावर हे लिहीत आहे. कुलपाविषयी माझी तक्रार नाही. जे काही बिघडले ते चौकटीच्या बाजूला बिघडले.

जागा ठरवताना सुताराने एक गोष्ट चांगली केली. दाराच्या मधल्या आडव्या पट्टीची चूळ जिथे उभ्या पट्टीत शिरते, तिथे भोक पाडले तर सांधाच कमकुवत होतो. म्हणून नवे कुलूप त्याने त्या सांध्याच्या वर, जुन्या कुलपापासून नऊ इंचांवर घेतले. आतल्या बाजूला चावीऐवजी फिरकी असलेला प्रकार मी मुद्दाम घेतला, कारण दिवसभर आई घरी एकटी असते आणि घाईच्या वेळी तिने चावी शोधत बसावे हे मला पटत नव्हते.

या डेडबोल्टचा बोल्ट 25 मिलिमीटर बाहेर येतो. खोक्यावरचा हा आकडा वाचून मी निश्चिंत झालो होतो, परंतु पूर्वी कधीतरी रंधा मारल्यामुळे आमचे दार आणि चौकट यांच्यात 7 मिलिमीटरची फट होती, म्हणजे चौकटीत प्रत्यक्षात जात होता तो 18 मिलिमीटरच. सुताराने त्या हिशेबाने चौकटीत 20 मिलिमीटर खोल भोक पाडले आणि फेब्रुवारीत ते पुरेसेही होते. जुलैमध्ये पाऊस लागला, लाकूड फुगले, फट 4 मिलिमीटरवर आली आणि चावी शेवटच्या थोड्या फेऱ्यासाठी अडू लागली. कुलूप लागल्यासारखे वाटे. पण दार उघडे ठेवून तेवढाच फेरा देऊन पाहिला, तर बाहेर आलेला बोल्ट बोटाने आत ढकलता येत होता. डेडबोल्ट पूर्ण बाहेर आल्याशिवाय आतून अडकत नाही, त्यामुळे त्या दिवसांत आमचे दुसरे कुलूप जवळजवळ नावापुरतेच होते.

बोल्ट नेमका कुठे अडतो हे कळण्यासाठी आईच्या करंड्यातले कुंकू तेलात कालवून त्याच्या टोकाला लावले आणि दार लावून चावी फिरवली. डाग चौकटीतल्या भोकाभोवती बसवलेल्या स्ट्राइक प्लेटच्या कडेवर पडला असता तर दार खाली बसले आहे असे समजून कानस चालवावी लागली असती. तो पडला भोकाच्या तळाशी. भोक 30 मिलिमीटर खोल केल्यावर चावी पूर्ण फिरू लागली. फेब्रुवारीत सुतार फट बुजवण्यासाठी दाराच्या कडेला पट्टी चिकटवायला निघाला होता. तेव्हा ऐकले असते तर पावसाळ्यात दारच बसले नसते.

खोक्यातल्या स्ट्राइक प्लेटबद्दल मात्र मी नाराज आहे. ती पातळ पत्र्याची होती आणि सोबतचे दोन स्क्रू जेमतेम 18 मिलिमीटरचे. त्यातही सुताराने ते हातोडीने ठोकून शेवटचे दोन फेरे तेवढे पेचकसने दिले होते. असा स्क्रू लाकडात आटे पाडत नाही, नुसते भोक रुंद करतो. मार्चमध्येच प्लेट बोटाखाली हलू लागली. आमच्यासारख्या दाराला बाहेरून लाथ बसली, तर बोल्ट चौकटीच्या आतल्या कडेकडे रेटला जातो आणि तिथे भोकाच्या पुढे जेमतेम 11 मिलिमीटर लाकूड उरलेले असते. ती ढलपी उडू न देणे हेच प्लेटचे खरे काम आहे.

म्हणून वेल्डिंगवाल्याकडून 3 मिलिमीटर जाडीची, चार भोकांची लांब पट्टी करून घेतली. परदेशी व्हिडिओंत तीन इंची स्क्रू सांगतात, कारण तिकडे चौकटीची फळी पातळ असते आणि स्क्रू तिच्यामागच्या लाकडी खांबात पोचवायचा असतो. आमची चौकट भरीव सागाची, पाच बाय तीन इंचांची. खाच वजा जाता स्क्रूच्या दिशेने 63 मिलिमीटर लाकूड मिळते. त्यापुढे मातीचा थर आणि वीट आहे, तिथे लाकडाच्या स्क्रूला पकड नसते. त्यामुळे 10 नंबरचे, 50 मिलिमीटरचे स्टीलचे स्क्रू घेतले आणि ते आतल्या कडेपासून दूर, चौकटीच्या गाभ्याकडे किंचित तिरपे लावले. आधी सव्वातीन मिलिमीटरचे भोक पाडून, आट्यांना साबण चोळून, हातानेच पिळले. पितळी स्क्रू जुन्या सागात मान मोडून बसतात, तेव्हा शोभेसाठीही ते वापरू नयेत.

गणपतीनंतर एकदा सगळे स्क्रू तपासले. एकही सैल नव्हता. पाऊस ओसरल्यावर फट पुन्हा रुंदावू लागली आहे. मेमध्ये ती 7 मिलिमीटरच्या पुढे गेली, तर बिजागरीच्या पानामागे पुठ्ठ्याची पातळ पट्टी घालून दार चौकटीकडे सरकवीन.